चवथीचा बोनस होम लोनमध्ये भरला, बँकेने हप्ता 886 रुपयांनी कमी केला. हे बरोबर झालं का?

कुर्टीकर
नमस्कार मंडळी. मागच्या वर्षी फोंड्याजवळ कुर्टीला फ्लॅट घेतला, लोन 30 लाख, 20 वर्षं, फ्लोटिंग, दर 8.5 आणि हप्ता 26,035. मी कुंडई इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये कामाला आहे, आमच्याकडे बोनस चवथीच्या आधी जमा होतो, हातात सव्वा लाखाच्या आसपास येतात आणि माटोळीचं सामान, कपडे, फटाके, पाहुणे करता करता अनंत चतुर्दशीपर्यंत खात्यात काही उरत नाही, दरवर्षीची हीच कथा. ह्या खेपेला बायकोने आधीच बजावलं, 25 हजार चवथीला आणि 1 लाख सरळ लोनमध्ये. 12 हप्ते फेडून झाले होते, बाकी 29 लाख 40 हजार दिसत होती. बँकेच्या ॲपवरून पैसे भरले. काल मेसेज आला की पुढचा हप्ता 25,149. आम्ही खूश, महिन्याला 886 वाचले म्हणून. पण कंपनीतला एकजण म्हणतो तू फसलास, मुदत कमी करून घ्यायची होती. दरवर्षी बोनसमधला 1 लाख असाच भरायचा विचार आहे, म्हणून नीट समजून घ्यायचंय. ह्यात फरक तो किती पडणार?

बोंडला_एक्सप्रेस
फरक काय पडायचाय, 1 लाख भरले ते भरले. मुद्दल कमी झालं ना? मग झालं.

काजूबिया
मी पण दोन पॉलिसी घेतल्यात, बोनस दरवर्षी जाहीर होतो म्हणतात पण हातात काहीच देत नाहीत, मॅच्युरिटीलाच मिळणार म्हणे. तुम्हाला दरवर्षी काढू दिला कसा? एजंटचा नंबर द्या.

कुर्टीकर
काजूबिया, अहो विम्याचा नाही, पगाराचा बोनस 😀

काजूबिया
असं होय. मग माझं काही काम नाही इथं, वाचतो तरी.

निवृत्त_पासबुक
कुर्टीकर, मी बँकेतून रिटायर झालोय, शेवटची बरीच वर्षं लोनच्या टेबलावरच गेली. तुमचे पैसे योग्य जागी गेलेत, पण जो पर्याय घ्यायला हवा होता तो तुम्हाला कुणी विचारलाच नाही असं दिसतंय.

लोन घेताना बँकेने हप्त्यांचा तक्ता दिला असेल, 240 ओळींचा, तो काढून समोर ठेवा. पहिल्या वर्षात तुम्ही 3 लाख 12 हजार भरलेत आणि त्यातून मुद्दल फिटलंय फक्त 59,700 च्या आसपास, बाकी 2 लाख 52 हजार व्याज. आता तेराव्या ओळीपासून खाली मुद्दलाच्या रकान्याची बेरीज करत जा. साधारण 18 ओळी गेल्या की बेरीज 1 लाख होते. तुमच्या बोनसने ह्या 18 ओळी खोडल्या गेल्या, त्यांच्यातलं मुद्दल तुम्ही आत्ताच भरून टाकलंत. त्या 18 हप्त्यांचे एकूण होतात 4 लाख 70 हजार, त्यातला 1 लाख तुम्ही दिलात आणि उरलेले 3 लाख 70 हजार हे जे व्याज होतं ते आता भरायचंच नाही. पण हे कधी, तर हप्ता 26,035 च ठेवला तर.

बँकेने काय केलं, ओळी खोडल्याच नाहीत. 228 हप्ते होते तेवढेच ठेवले आणि प्रत्येकातून 886 काढले. 886 गुणिले 228 म्हणजे 2 लाखांच्या थोडे वर, त्यातून तुमचा 1 लाख वजा करा, वाचलं फक्त 1 लाख 2 हजार. तोच लाख, तोच दिवस, तोच दर.

बोंडला_एक्सप्रेस
बापरे, पावणेचार लाख कुठे आणि एक लाख कुठे. मी माझं वाक्य मागे घेतो.

कुर्टीकर
काका, हे वाचून दोनदा कॅल्क्युलेटर काढला. तुमचे आकडे बरोबर येतायत पण 18 हप्ते कसे काढायचे ते जमलं नाही.

निवृत्त_पासबुक
एक्सेल असेल तर एका ओळीत होतं. दर, हप्ता आणि पैसे भरल्यानंतरची बाकी एवढंच लागतं:

```
=NPER(8.5%/12,-26035,2840293)
```

उत्तर 209.9 येईल. 228 होते, 210 उरले. दरवर्षी पैसे भरले की बाकीचा आकडा बदलायचा आणि परत बघायचं.

पर्वरीचा_पंटर
काकांचं बरोबर आहे पण एक गोष्ट सांगतो, बँका सुरवातीच्या दहा वर्षांत सगळं व्याज काढून घेतात आणि मग मुद्दलाला हात लावतात. त्यामुळे जे काय भरायचं ते पहिल्या पाच-सहा वर्षांत भरा, नंतर भरून शून्य उपयोग. माझ्या मेव्हण्याला बाराव्या वर्षी मी हेच सांगितलं, आता राहू दे, बँकेचं काम झालंय.

निवृत्त_पासबुक
पंटरबाब, अर्धं बरोबर. लवकर भरलं की जास्त वाचतं हे खरं, पण बँक व्याज आधी काढून घेते हे खरं नाही. दर महिन्याला उरलेल्या बाकीवर 8.5 च्या हिशेबानेच व्याज लागतं, पहिल्या महिन्यालाही आणि दोनशेव्या महिन्यालाही. सुरवातीला बाकीच मोठी असते म्हणून हप्त्यातलं बरंचसं व्याजात जातं, एवढंच.

तुमच्या मेव्हण्यासारखा हिशेब करून बघू, कुर्टीकरांचंच लोन धरून. मध्ये काहीच भरलं नाही आणि दहा वर्षांनी एकदम 1 लाख भरला तर 9 च्या आसपास हप्ते कमी होतात, व्याज वाचतं सुमारे 1 लाख 27 हजार. पहिल्या वर्षीच्या 3 लाख 70 हजारांपुढे कमी आहे पण शून्य नक्कीच नाही. लाखामागे वर्षाला साडेआठ हजार वाचतात ते वाचतातच, फक्त वाचण्याची वर्षं कमी उरलेली असतात. मेव्हण्याला परत फोन करा.

पर्वरीचा_पंटर
करतो. शिव्या खाणार आहे.

सत्तरीची_सई
मला थोडं वेगळं सांगायचंय. आम्ही दोघंही नोकरी करतो, वाळपईला घर, आणि पहिली दोन वर्षं मिळेल तो पैसा लोनमध्ये टाकत गेलो, बोनस, एलटीसी, भिशी सगळं. बाकी कमी होताना बघायला इतकं बरं वाटायचं की खात्यात वीस हजार पण ठेवत नव्हतो. मग सासूबाईंचं ऑपरेशन निघालं आणि पैसे सगळे भिंतीत. बँकेत गेले तर म्हणतात टॉप-अप लोनचा अर्ज करा, पगाराच्या स्लिपा द्या, परत व्हॅल्युएशन होईल, पंधरा दिवस धरा. शेवटी माझ्या पाटल्या ठेवून गोल्ड लोन काढलं आणि त्याचा दर होम लोनपेक्षा जास्त. कुर्टीकर दादा, भरा, पण सहा महिन्यांचे हप्ते बाजूला आहेत का ते आधी बघा. आणि हप्ता कमी झाला तो चांगलाच आहे असं मला वाटतं, अडचणीच्या महिन्यात 886 पण 886 च.

निवृत्त_पासबुक
सईताई, तुमचा मुद्दा पटतो. ज्याची नोकरी कॉन्ट्रॅक्टवर आहे किंवा घरात एकच पगार आहे त्याने हप्ता कमी करून घेणं चुकीचं म्हणता येणार नाही. कारण मुदत कमी केली की मोठा हप्ता भरायचं बंधन राहतं, आणि हप्ता कमी केला की ज्या वर्षी जमेल त्या वर्षी तो फरक आपल्या मर्जीने भरता येतो. 886 दर महिन्याला न चुकता परत लोनमध्येच टाकणारा माणूस असेल तर दोन्हींचा शेवट जवळपास सारखाच होतो. पण मी टेबलावर बसून बघितलंय, असे शंभरात दोन-तीन. बाकीच्यांचे 886 मासळीबाजारात जातात.

मांडवीकाठ
कुर्टीकरांचा प्रश्न मुदतीचा आहे म्हणून माझं पण ऐका. माझं लोन 2021 चं, तेव्हा दर सात टक्क्यांच्या आतबाहेर होते. दोन वर्षं इमानदारीने बोनस भरला, मुदत कमी झाली, आनंद. मग मे 2022 ते फेब्रुवारी 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर 4 वरून 6.5 वर गेला आणि बँकेने मला न विचारता हप्ता तोच ठेवला नि मुदत वाढवत नेली. स्टेटमेंट काढलं तेव्हा शेवटच्या हप्त्याची तारीख माझ्या रिटायरमेंटच्या पुढे. दोन बोनस भरून मी जिथून सुरवात केली त्याच्याही मागे गेलो होतो. तेव्हापासून प्रत्येक तिमाहीला एकच गोष्ट बघतो, उरलेले हप्ते किती. बाकी किती ते नंतर.

निवृत्त_पासबुक
असे फार लोक झाले त्या काळात. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने त्यावर परिपत्रक काढलं, दर बदलला की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं करायचं हे ग्राहकाला विचारायला हवं, आणि थोडं किंवा सगळं कर्ज मध्येच फेडायची मुभा मुदतभर हवी. मेसेज येतो पण आपण वाचत नाही. उलट बाजूपण लक्षात ठेवा, 2025 मध्ये रेपो कमी होत गेला तेव्हा काही बँकांनी हप्ता कमी केला, काहींनी मुदत. तुमच्याकडे काय झालं ते तपासा, कारण दर उतरल्यावर हप्ता जुनाच चालू ठेवला तर बोनस न भरताही काही ओळी खोडल्या जातात.

आणि व्यक्तीच्या नावावरच्या फ्लोटिंग होम लोनला मध्येच पैसे भरल्याबद्दल दंड नसतो. फिक्स्ड असेल तर करारात बघावं लागतं.

शेअरखेकडा
सगळे इतके मागे लागलाय त्या लोनच्या. साडेआठ टक्के हे देशातलं सगळ्यात स्वस्त कर्ज आहे, बोनस इंडेक्स फंडात टाका, 20 वर्षांत 12 टक्क्यांनी किती होतात बघा. लोन फेडून श्रीमंत झालेला माणूस मी अजून बघितला नाही.

सत्तरीची_सई
12 टक्के लिहून कोण देतो? साडेआठ तरी बँक लिहून देते, आपल्याकडून घेण्यासाठी का असेना.

शेअरखेकडा
लिहून कोणीच देत नाही ताई, पण लांबच्या मुदतीत...

निवृत्त_पासबुक
खेकडेबाब, ह्यात तुमचं एक म्हणणं मी मान्य करतो. लोक "14 लाख वाचले" म्हणतात तेव्हा ते 14 लाख फुकट मिळाल्यासारखं बोलतात. तसं नाही. तोच पैसा दुसरीकडे ठेवला असता तर तिथेही वाढला असता. लोनमध्ये टाकलेल्या पैशावर तुम्हाला 8.5 टक्के मिळतात, नक्की मिळतात आणि त्यावर टॅक्स नाही, एवढंच मोजायचं. पीएफवर 2023-24 आणि 2024-25 ला 8.25 मिळालं. एफडीवर टॅक्स गेल्यावर काय उरतं ते सगळ्यांना माहीत. शेअरमधलं मी सांगत नाही, मला त्यातलं कळत नाही आणि 2008 ला मी शहाणपणा केला होता.

शेअरखेकडा
2008 वाले सगळे असंच बोलतात 😂 बरं, माझं मत मी ठेवतो.

म्हापशेकर_सीए_नाही
टॅक्सचं कोणीच बोललं नाही. व्याज कमी झालं की इन्कम टॅक्समधली सूट पण जाते, म्हणून माझा भाऊ मुद्दाम लोन फेडत नाही.

निवृत्त_पासबुक
भाऊ कुठल्या रेजिममध्ये आहे? नव्यात असेल आणि स्वतः त्या घरात राहात असेल तर व्याजाची सूट मुळातच नाही, म्हणजे घालवायलाच काही नाही. जुन्यात असेल तर राहत्या घराला वर्षाला 2 लाखांपर्यंतच व्याज धरतात. कुर्टीकरांचं पहिल्या वर्षीचं व्याज 2 लाख 52 हजार, म्हणजे वरच्या 52 हजारांवर तसंही काही मिळत नव्हतं. दरवर्षी 1 लाख भरत गेले तरी चौथ्या वर्षापर्यंत व्याज 2 लाखांच्या वरच राहतं, तोवर सूट एक रुपयाने कमी होत नाही. त्यानंतर कमी होते, पण शंभर रुपये व्याज भरून तीस रुपये टॅक्स वाचवणं ह्याला बचत कोण म्हणतं ते मला समजत नाही.

कुर्टीकर
मी नव्यात आहे. काका, आता मुख्य विचारतो. दरवर्षी चवथीला 1 लाख आणि हप्ता 26,035 तसाच, तर कधी सुटतो मी?

निवृत्त_पासबुक
दर 8.5 च राहील असं धरून चाललोय, तो हलला की आकडे हलतील.

काहीच न भरता 20 वर्षांत एकूण व्याज जातं सुमारे 32 लाख 48 हजार, म्हणजे घेतले 30 आणि परत दिले साडेबासष्ट. दरवर्षी शेवटी 1 लाख भरून हप्ता तोच ठेवला तर अकरा बोनस भरल्यावर 2 लाख 20 हजारांच्या आसपास बाकी उरते आणि पुढच्या नवव्या हप्त्याला, तोही अर्धवट, लोन संपतं. म्हणजे 11 वर्षं 9 महिने. व्याज गेलं 17 लाख 64 हजार, वाचलं 14 लाख 80 हजारांच्या वर.

आता तोच 1 लाख दरवर्षी, पण बँक प्रत्येक वेळी हप्ता कमी करत गेली तर? मी कागदावर करून बघितलं, लोन अठराव्या वर्षापर्यंत ओढत जातं आणि व्याज 23 लाखांच्या जवळ जातं. महिन्याचा हप्ता मात्र शेवटी दोन हजारांच्या खाली येतो. सईताईंसारखा विचार असेल त्याने हे घ्यावं, पण माहीत असून घ्यावं.

मांडवीकाठ
मुलगा आत्ता कितवीत आहे?

कुर्टीकर
पहिलीत. 11 वर्षं 9 महिन्यांतलं एक वर्ष गेलंच, उरली 10 वर्षं 9 महिने, म्हणजे तो बारावीत जायच्या सुमाराला. हा हिशेब बायकोला दाखवला तर पुढच्या चवथीला 25 चे पण 15 करेल.

निवृत्त_पासबुक
आता कामाचं. ब्रँचमध्ये जा, ॲपवर नको. साध्या कागदावर अर्ज द्या की अमुक तारखेला भरलेल्या 1 लाखाचा फायदा मुदत कमी करून द्यावा, हप्ता पूर्वीचाच 26,035 ठेवावा. कॉपीवर शिक्का घ्या. नवीन तक्ता मागा.

आणि अजून एक तपासा, हे फार ठिकाणी होतं. पैसे मुद्दलात गेले की नुसते आगाऊ हप्ते म्हणून खात्यात पडून आहेत? आगाऊ म्हणून पडले तर बँक दर महिन्याचा हप्ता त्यातून वळवते आणि तुमचं मुद्दल एका दिवसात एक लाखाने उतरत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. पुढच्या हप्त्यातलं व्याज बघा. भरलं नसतं तर ते 20,827 च्या आसपास असतं, भरल्यावर 20,119 च्या आसपास यायला हवं. 708 चा फरक दिसला तर पैसे मुद्दलात गेले. पहिल्या महिन्यात पाच-पन्नास इकडेतिकडे होईल, कारण बहुतेक बँका रोजच्या बाकीवर व्याज मोजतात.

त्यावरून आठवलं, बोनस जमा झाला की दुसऱ्या दिवशी भरा, चवथ होऊ दे मग बघू असं नको. लाखामागे दिवसाला 23 रुपये व्याज चालू असतं, आणि चवथीपर्यंत तो लाख लाख राहातच नाही हा खरा धोका.

पर्वरीचा_पंटर
मेव्हण्याला फोन केला. त्याने मी सांगितल्यापासून तीन वर्षं बोनस एफडीत ठेवला होता. आता तो माझ्याशी बोलत नाही, पण एफडी मोडायला गेलाय.

कुर्टीकर
अपडेट देतो. गुरुवारी हाफ डे टाकून ब्रँचमध्ये गेलो. तिथली मुलगी चांगली होती, म्हणाली सिस्टीममध्ये काही निवडलं नाही तर हप्ताच कमी होतो, ॲपवर पर्याय एका छोट्या बाणाखाली होता, मी बघितलाच नव्हता. अर्ज दिला, शिक्का घेतला. ह्या महिन्याचा हप्ता 25,149 च कापला गेला, पुढच्यापासून 26,035 परत. नवीन तक्ता आज मेलवर आला, उरलेले हप्ते 210. व्याजाचा रकाना काकांनी सांगितला त्याच्या चार रुपये आतबाहेर. देव बरें करूं, काका.

सईताई, सहा महिन्यांचे हप्ते बाजूला नव्हते, खरं सांगतो, दोनच महिन्यांचे आहेत. म्हणून पुढच्या बोनसला पूर्ण लाख भरायचा की अर्धा बाजूला ठेवायचा ह्यावर घरात अजून एकमत नाही. बायको म्हणते लाख, मी म्हणतो 60 हजार.

सत्तरीची_सई
माझ्या पाटल्यांची शपथ, 60.

निवृत्त_पासबुक
दोघांचंही चालेल. पण जे ठरेल ते चवथीच्या खरेदीला बाहेर पडायच्या आधी ठरवा.